नवा कपडा आधी का धुवायचा: रिंकल-फ्री शर्टाच्या आत काय असतं आणि पाण्याबरोबर काय जातं

पूर्ण सुती शर्ट मुठीत घट्ट चोळामोळा करून दहा सेकंद धरा आणि सोडा. साध्या सुताचा असेल तर तो चुरगळलेलाच राहील. तो आपोआप सरळ होऊ लागला आणि लेबलवर 'रिंकल-फ्री', 'नॉन-आयर्न' किंवा 'इझी केअर' असं काही लिहिलेलं असेल, तर त्या कापडाच्या आत बहुधा राळ, म्हणजे रेझिन, भरलेली आहे असं समजा. नवे कपडे न धुता घातल्यावर अंगाला खाज का सुटते, याचं सगळ्यात चांगलं उत्तर या शर्टात सापडतं. म्हणून बाकीच्या कपड्यांकडे नंतर वळू.

कापूस चुरगळतो कसा, ते आधी पाहू. कापसाचा तंतू सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांचा बनलेला असतो आणि शेजारशेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंध धरून ठेवतात. हे बंध फार पक्के नसतात. घाम, दमट हवा, पाणी यांपैकी काहीही लागलं की ते सुटतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकतात. ओल उडून गेली की त्या असतील त्या वाकड्या अवस्थेतच पुन्हा जुळतात. आपण त्याला सुरकुती म्हणतो. इस्त्रीची वाफ आणि दाब मिळून हेच काम उलट दिशेनं करतात.

सुरकुती पडूच नये म्हणून गिरणीत या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधतात. शिडीच्या दोन उभ्या दांड्यांमध्ये पायऱ्या ठोकाव्यात, तसं. 1920 च्या दशकात मँचेस्टरमध्ये यासाठी युरिया आणि फॉर्मल्डिहाइड यांची राळ वापरायला सुरुवात झाली. फॉर्मल्डिहाइड म्हणजे तिखट वासाचा, डोळ्यांना आणि त्वचेला त्रास देणारा वायू. आज जास्त वापरलं जाणारं रसायन डीएमडीएचईयू या लांबलचक नावाचं आहे. तेही युरिया, ग्लायॉक्सल आणि फॉर्मल्डिहाइडपासूनच बनतं. कापड त्याच्या द्रावणातून काढतात, रोलरमध्ये पिळतात, वाळवतात आणि मग साधारण 150 ते 170 अंश सेल्सिअसला काही मिनिटं तापवतात. प्रक्रियेला वेग यावा म्हणून द्रावणात मॅग्नेशियम क्लोराइडसारखं क्षारद्रव्य असतं. या तापवण्यालाच 'क्युअरिंग' म्हणतात. पायऱ्या पक्क्या बसतात त्या इथे.

पण सगळ्या पायऱ्या नीट बसत नाहीत. या रसायनाच्या प्रत्येक रेणूला फॉर्मल्डिहाइडपासून आलेले दोन हात असतात. दोन्ही हातांनी सेल्युलोज धरलं तर पायरी झाली. काही रेणूंचा एकच हात अडकतो आणि दुसरा मोकळा लटकत राहतो, काही रेणू नुसतेच कापडात पडून असतात. ओल आणि ऊब मिळाली की या मोकळ्या हातांमधून फॉर्मल्डिहाइड सुटतं. भट्टी जरा थंड राहिली, कापड घाईनं पुढे काढलं किंवा राळ गरजेपेक्षा जास्त घातली, तर असे मोकळे हात वाढतात.

यावर गिरणीतच उपाय आहे. क्युअरिंगनंतर कापड सोडा ॲश घातलेल्या कोमट पाण्यात धुवायचं, मग साध्या पाण्यात विसळायचं आणि वाळवायचं. अल्कधर्मी पाण्यात मोकळे हात तुटतात आणि सुटलेलं फॉर्मल्डिहाइड पाण्याबरोबर निघून जातं. पण हजारो मीटर कापड पुन्हा ओलं करून वाळवायचं म्हणजे पाणी आलं, इंधन आलं, वेळ आला. त्यामुळे ही पायरी अनेकदा गाळली जाते. घरची पहिली धुलाई म्हणजे गिरणीत राहून गेलेली हीच पायरी. ती आपल्या बादलीत पूर्ण करायची आहे. असं पाहिलं की पाणी किती, किती गरम आणि किती वेळ, हे आपोआप ठरत जातं.

शर्टात किती असतं

कापडातलं फॉर्मल्डिहाइड मोजायची प्रमाणित पद्धत मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. एक ग्रॅम कापडाचे तुकडे 100 मिलिलिटर पाण्यात 40 अंशांवर एक तास ठेवतात. पाणी गाळून त्यात ॲसिटिलॲसिटोन असलेलं द्रावण घालतात. फॉर्मल्डिहाइड असेल तर पाणी पिवळं होतं आणि पिवळेपणाच्या गडदपणावरून प्रमाण कळतं. थोडक्यात, कोमट पाणी तासाभरात कापडातून जेवढं ओढून काढतं, तेवढं ही चाचणी मोजते. मग धुण्याची कृती वेगळी शोधायची गरजच काय? 40 अंशांचं पाणी आणि एक तास.

युरोपीय संघात नोव्हेंबर 2020 पासून अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठी मर्यादा किलोमागे 75 मिलिग्रॅम आहे. दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यांबाबत जपानचा नियम त्याहून कितीतरी कडक, 16 मिलिग्रॅमचा आहे. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं 2010 मध्ये 180 वस्तू तपासून घेतल्या, त्यांपैकी 10 वस्तूंमध्ये प्रमाण 75 च्या वर निघालं. म्हणजे बहुतेक कपडे ठीक असतात, पण आपल्या हातातला कपडा त्या थोड्यांपैकी आहे की नाही हे पाहून कळत नाही. वासावरूनही ठरवता येत नाही. तिखट, डोळ्यांना झोंबणारा वास आला तर प्रमाण बरंच आहे एवढं समजतं, वास आला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. रिंकल-फ्री कपड्याला कधीकधी माशासारखा वास येतो. तो फॉर्मल्डिहाइडचा नसतो. तापवताना राळ बिघडून तयार झालेल्या अमाइन्सचा तो वास असतो आणि तोही धुतल्यावर जातो.

आता शर्टाचं वजन 200 ग्रॅम धरू. 75 च्या मर्यादेवर त्यात 15 मिलिग्रॅम फॉर्मल्डिहाइड निघेल. मर्यादा न पाळलेल्या, समजा 300 मिलिग्रॅमच्या, शर्टात 60 मिलिग्रॅम. हा दुसरा शर्टच धुवायला घेऊ.

पहिली धुलाई

एका शर्टाला निदान चार लिटर पाणी घ्या. कपड्याच्या वजनाच्या वीसपट असा हा हिशेब आहे. लेबलवर 40 अंश चालतील असं लिहिलेलं असेल तर पाणी तेवढंच कोमट ठेवा. थर्मामीटर नसेल तर हात बुडवल्यावर सुखद ऊब लागेल, पण चटका बसणार नाही, इतपत. रोजची कपड्यांची पावडर नेहमीच्या प्रमाणात विरघळवा. बहुतेक पावडरी थोड्या अल्कधर्मी असतात, त्यामुळे गिरणीतल्या सोड्याचं काम त्या काही अंशी करतात. शर्टाची सगळी बटणं काढा, घडी घालताना लावलेल्या टाचण्या, पुठ्ठे आणि कॉलरमधली पट्टी काढा, शर्ट उलटा करा आणि पूर्ण बुडेल असा तासभर भिजत घाला. मध्ये दोन-तीनदा वरखाली करा. कॉलर, कफ आणि पुढची बटणपट्टी इथे कापडाचे थर जास्त असतात आणि पाणी उशिरा शिरतं, म्हणून तिथे हातानं थोडं दाबून चोळा. गडद रंगाचा कपडा पहिल्या वेळी एकटाच भिजवा.

भिजवण्याइतकंच महत्त्व विसळण्याला आहे, आणि बहुतेक चुका होतात त्या इथेच. समजा, 60 मिलिग्रॅमपैकी 40 मिलिग्रॅम भिजवणाच्या पाण्यात उतरलं. चार लिटरमध्ये 40, म्हणजे लिटरमागे 10 मिलिग्रॅम. शर्ट चांगला पिळला तर त्यात साधारण 200 मिलिलिटर पाणी उरतं, म्हणजे 2 मिलिग्रॅम परत शर्टाबरोबर आलं. तो चार लिटर स्वच्छ पाण्यात विसळून पुन्हा पिळला की उरतं सुमारे 0.1 मिलिग्रॅम. आता तोच शर्ट न पिळता, निथळता तसाच उचलला तर त्यात सहज 600 मिलिलिटर पाणी असतं, म्हणजे 6 मिलिग्रॅम. एकदा विसळून पुन्हा तसाच निथळता काढला तर जवळजवळ 0.8 मिलिग्रॅम उरतं. पाणी तेवढंच लागलं, पण शर्टात आठपट जास्त राहिलं. म्हणून प्रत्येक विसळणीआधी पिळणं हे बादलीभर जास्त पाणी ओतण्यापेक्षा कामाचं आहे. मशीनमध्ये धुताना ड्रम अर्धाच भरा आणि जादा विसळणीचं बटण असेल तर ते लावा. समोरून उघडणारी मशीन पाणी कमी घेतात. त्यांत कपडे ठासून भरले तर पाणी सगळीकडे पोचतच नाही.

कपडा वाळवायचा तो मोकळ्या हवेत. फॉर्मल्डिहाइड वायुरूपातही निघून जातं, त्यामुळे वारा लागला तर उरलंसुरलं कमी होतं. न धुतलेल्या रिंकल-फ्री शर्टावर वाफेची इस्त्री मात्र फिरवू नका. ऊब आणि ओल या दोन्ही गोष्टी त्याला एकदम मिळतात आणि वाफ थेट तुमच्या नाकाडोळ्यांत जाते.

काही घरगुती सल्ले इथे आड येतात. पहिल्या धुण्यात व्हिनेगर घालावं असं पुष्कळ जण सांगतात. राळेच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. मोकळे हात अल्कधर्मी पाण्यात तुटतात, तर आम्लानं नीट बसलेल्या पायऱ्या हळूहळू सैल होतात, जे आपल्याला नकोच आहे. मीठ घातल्यानंही फॉर्मल्डिहाइड जात नाही. फॅब्रिक कंडिशनर पहिल्या दोन धुण्यांत टाळाच. तो तंतूवर नवा थर चढवतो आणि त्यातला सुगंध काहींच्या त्वचेला स्वतंत्रपणे त्रास देतो, मग खाज कशानं आली हे शोधणं अवघड होऊन बसतं. क्लोरीनचं ब्लीच तर या कपड्यावर कधीच वापरू नये. राळेतला नायट्रोजन क्लोरीन धरून ठेवतो, कापड पिवळं पडतं आणि पुढे इस्त्रीच्या उष्णतेनं त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन धागा कुजतो. पांढरा रिंकल-फ्री शर्ट अचानक पाठीवर फाटला तर हे कारण आधी तपासा.

एका धुण्यानं सगळं संपतं का? सुटं असलेलं बहुतांश जातं. पण राळ कापडातच असते आणि ती फार सावकाश, थोडं थोडं फॉर्मल्डिहाइड सोडत राहते. गरम आणि दमट कपाटात महिनोन्महिने घडी करून ठेवलेला कपडा म्हणूनच पुन्हा एकदा धुवून घालावा. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी घालण्यापूर्वी दोनदा धुणं योग्य.

कपाटाची आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. फॉर्मल्डिहाइड हवेतून एका कपड्यावरून दुसऱ्या कपड्यावर जातं. राळ न लावलेलं, साधं सुती झबलं रिंकल-फ्री कपड्यांच्या शेजारी बंद जागेत राहिलं तरी त्यात ते उतरतं. प्लायवुडच्या नव्या फळ्यांतूनही उतरतं. जपानमध्ये बाळांचे कपडे बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत विकायला ठेवण्याचं हेच कारण. म्हणून 'साधं सुती आहे, धुवायची काय गरज' हा युक्तिवाद बाळाच्या कपड्यांना लागू पडत नाही. न धुतलेले मोठ्यांचे शर्ट आणि बाळाचे कपडे एका कप्प्यात ठेवूही नका.

त्वचेवर काय होतं

नव्या कपड्यानं होणारा त्रास दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींची लक्षणं जवळजवळ सारखी दिसली तरी त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. पहिला प्रकार निव्वळ चुरचुरण्याचा. खळ, कापड मऊ करणारी द्रव्यं, यंत्राचं तेल, टोचरे धागे आणि घाम यांच्या घासण्यानं कपडा घातल्यावर थोड्याच वेळात खाज येते आणि तो काढला, अंग धुतलं की उतरते. एका धुण्यात ही द्रव्यं बहुतेक निघून जातात, त्यामुळे धुतल्यावर पुन्हा घातलेला कपडा सहसा त्रास देत नाही.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. इथे शरीराची प्रतिकारयंत्रणा फॉर्मल्डिहाइडला ओळखायला शिकलेली असते. ही ओळख एकदा पटली की ती सहसा आयुष्यभर टिकते. मात्र पुरळ लगेच उठत नाही, साधारण एक ते तीन दिवसांनी उठतं. सोमवारी नवा शर्ट घातला, बुधवारी सकाळी लाल, खाजरे चट्टे आले आणि अंगात होता जुनाच सदरा. मग दोष जातो सदऱ्याला किंवा साबणाला. अशी शंका आली तर आज काय घातलं होतं ते बाजूला ठेवून गेल्या तीन दिवसांत काय घातलं ते आठवा.

चट्टे कुठे आहेत, यावरूनही बरंच कळतं. कपडा घट्ट बसतो, घासतो आणि घामानं भिजतो तिथे ते उठतात: मानेच्या बाजू, कोपराची आतली बाजू, कंबर, मांड्यांची आतली बाजू, गुडघ्याच्या मागचा खळगा. काख नीट पाहा. कपड्याची ॲलर्जी काखेच्या पुढच्या आणि मागच्या कडांवर दिसते, अगदी मधला खोलगट भाग मोकळा राहतो, कारण कापड तिथे टेकत नाही. त्या खोलगट भागातच लाली असेल तर संशय डिओडरंटवर घ्यायचा.

फॉर्मल्डिहाइडची ॲलर्जी निघाली तर शर्टापुरतं पाहून भागत नाही. शाम्पू आणि लोशन टिकावीत म्हणून घातलेली काही द्रव्यं, उदाहरणार्थ क्वाटर्नियम-15 आणि डीएमडीएम हायडँटॉइन, हळूहळू फॉर्मल्डिहाइडच सोडतात. बाटलीमागच्या यादीत ही नावं शोधावी लागतात.

जिथे धुणं पुरत नाही

आता दुसऱ्या टोकाचा कपडा घेऊ: गडद निळ्या किंवा काळ्या पॉलिस्टरचं अस्तर. इथे राळ नसते, अडचण रंगाची असते. सुताच्या चांगल्या रंगांत असे रंग आहेत जे सेल्युलोजशी रासायनिक बंधानं जोडले जातात. पॉलिस्टरला रंगाला धरायला असा हातच नसतो. म्हणून त्याला डिस्पर्स रंग देतात. हे लहान, पाण्यात जेमतेम विरघळणारे रेणू उष्णतेनं तंतूत शिरतात आणि साखर काचेत अडकावी तसे नुसते आत बसून राहतात. पृष्ठभागावर राहिलेला जादा रंग काढायला गिरणीत कॉस्टिक सोडा आणि हायड्रोसल्फाइटच्या गरम द्रावणात धुतात. ही पायरी गाळली गेली, किंवा त्यानंतर कापड पुन्हा फार तापवल्यानं आतला रंग वर आला, तर तो रंग त्वचेला लागतो. डिस्पर्स ब्लू 106 आणि 124 ही दोन नावं ॲलर्जीच्या बाबतीत सगळ्यात जास्त ऐकू येतात.

गिरणीची राहिलेली पायरी बादलीत पूर्ण करायचं वर सांगितलं, ते इथे जमत नाही. हायड्रोसल्फाइटचं ते द्रावण घरात वापरण्यासारखं नाही आणि साध्या पाण्यात हा रंग फारसा उतरतच नाही. त्यामुळे धुतलेलं पाणी स्वच्छ दिसलं तरी निश्चिंत होऊ नका. त्वचेवरचं तेल आणि घाम हा रंग पाण्यापेक्षा सहज ओढून घेतात. पांढरं सुती फडकं साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून अस्तराच्या आतल्या बाजूवर दहा वेळा जोरात घासा. फडक्यावर रंग उतरला तर धुण्याचा भरवसा सोडा. असा कपडा अंगाला थेट लागू देऊ नका, आत सुती बनियन किंवा पेटीकोट घाला. ज्यांना या रंगांची ॲलर्जी आहे त्यांना फिक्या रंगाचं किंवा बिनअस्तराचं कापड हाच मार्ग उरतो. फडकं कोरं राहिलं तरी ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला पुरेल इतका रंग त्यात असू शकतो, एवढी या घरगुती परीक्षेची मर्यादा आहे.

राळ की रंग, हे नक्की करायचं असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. संशयित द्रव्यांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवून 48 तास ठेवतात, मग पट्ट्या काढून पाहतात आणि आणखी दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहतात, कारण उशिरा उठणारी लाली पहिल्या दिवशी दिसत नाही. त्या दिवसांत पाठ ओली करायची नसते. ठरावीक द्रव्यांच्या यादीत तुमच्या कपड्यातला रंग असेलच असं नाही. म्हणून तपासणीला जाताना संशयित कपडा न धुता बरोबर न्या, किंवा आतल्या शिवणीच्या जादा कापडातून दोन सेंटिमीटरचा चौकोन कापून न्या. अस्तर असेल तर त्याचा वेगळा तुकडा घ्या, आणि कोणता तुकडा कुठला हे कागदावर लिहून त्याला टाचून ठेवा.